कार्डाच्या खोक्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं एखादं संगणकाचं दुकान, ग्राफिक्स कार्डाची चौकशी करायला आलेलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: "आमच्याकडे साडेचारशे वॉटचा एसएमपीएस आहे, चालेल ना?" दुकानदार घाईत असेल तर "चालून जाईल" म्हणतो. त्याला नवा एसएमपीएस खपवायचा असेल तर "छे, साडेसातशेचाच लागेल" म्हणतो. दोन्ही उत्तरं बरोबर निघू शकतात आणि दोन्ही चुकूही शकतात, कारण प्रश्नच अर्धा आहे. किती वॉट हे कळलं, पण ते वॉट कोणत्या व्होल्टेजवर मिळतात आणि कोणत्या तारांमधून कार्डापर्यंत पोचतात, हे विचारायचं राहूनच गेलं.

एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या डब्यातली ती पंखा लावलेली लोखंडी पेटी. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या भागांना चालेल अशी 12, 5 आणि 3.3 व्होल्टची करून द्यायची, हे तिचं काम. फार पूर्वीच्या संगणकात 5 व्होल्टला मागणी असायची. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतात. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मात्र बहुधा तिन्ही व्होल्टेजची बेरीज असतो. स्वस्त मालात तर तो क्षणभर मिळू शकणाऱ्या कमाल विजेचा असतो, तासन्‌तास मिळणाऱ्या विजेचा नसतो.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, कोल्हापुरात घरून थ्रीडी अ‍ॅनिमेशनची कामं करणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे इंटेलचा आय-फाइव्ह 12400एफ प्रोसेसर, कॅबिनेटसोबत आलेला 450 वॉटचा एसएमपीएस आणि जीटीएक्स 1650 हे कार्ड आहे. या जुन्या कार्डाची भूक 75 वॉटची. मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाचच जास्तीत जास्त 75 वॉट देऊ शकते. त्यामुळे या कार्डाच्या पुष्कळ नमुन्यांना वेगळी वायर लागतच नाही. खोचलं की चालू. आता रेंडरिंगला वेळ लागतो म्हणून तिने आरटीएक्स 5070 टीआय घ्यायचं ठरवलं. हे कार्ड एकटं 300 वॉट खातं आणि निर्माती कंपनी एनव्हिडिया त्याच्यासाठी 750 वॉटचा एसएमपीएस सुचवते.

साडेसातशेचा आकडा ऐकून बरेच जण चक्रावतात. कार्ड तीनशेचं, मग उरलेल्या साडेचारशेचं काय? तिच्या संगणकाची बेरीज करून पाहू. कार्ड 300 वॉट. प्रोसेसरच्या खोक्यावर 65 वॉट लिहिलेलं असलं, तरी जोर लावल्यावर तो 117 वॉटपर्यंत जातो, असं इंटेलच्याच तपशिलात दिलेलं आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि यूएसबीला लटकलेल्या वस्तू यांना ढोबळमानाने 50 वॉट धरू. बेरीज 467. म्हणजे 450चा एसएमपीएस कागदावरच नापास झाला. साडेपाचशेचा मात्र कागदावर पास होतो. तरी कंपनी साडेसातशे का सुचवते, याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कंपनीच्या बाजूचं. गिऱ्हाइकाकडे कोणता प्रोसेसर आहे आणि एसएमपीएस किती जुना किंवा किती बनेल आहे, हे तिला ठाऊक नसतं. आय-सेव्हन 14700के सारखा प्रोसेसर एकटाच 253 वॉटपर्यंत जातो. तेव्हा कंपनी सगळ्यात भुकेला प्रोसेसर आणि बेताचा एसएमपीएस गृहीत धरून मोकळी होते.

दुसरं कारण खुद्द कार्डाच्या स्वभावात आहे. 300 वॉट ही त्याची सरासरी झाली. पडद्यावरचं दृश्य झपाट्याने बदललं की कार्ड अगदी क्षणभरासाठी त्याहून कितीतरी जास्त वीज ओढतं आणि लगेच खाली येतं. घरगुती वॉटमीटरला हा झटका दिसतही नाही, पण एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला दिसतो. भार मर्यादेबाहेर गेला असं समजून ते सर्किट सगळा पुरवठाच तोडतं. 2022 साली आलेल्या एटीएक्स 3.0 या मानकात म्हणूनच अट घातली गेली, की नव्या पद्धतीच्या सोळा पिनांच्या जोडणीचा एसएमपीएस सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसू शकला पाहिजे. जुन्या एसएमपीएसवर अशी अट नव्हती. काही जुने चांगले होते, ते झटका सहन करतात. काही करत नाहीत. खरेदी करताना खोक्यावर एटीएक्स 3.0 किंवा 3.1 लिहिलंय का, हे बघण्याला म्हणून अर्थ आहे. एटी प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला येते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच तो सांगतो. त्यावरून एसएमपीएसची ताकद ठरवायला जाणं चुकीचं.

आता त्या पेटीवरचं लेबल. विंडोजमध्ये कितीही शोधलं तरी साध्या एसएमपीएसचे वॉट कुठेच दिसत नाहीत, कारण संगणकाला ते सांगणारी वायरच त्यात नसते. डबा उघडावाच लागतो. संगणक बंद करायचा, मागचं बटण बंद करायचं, वायर काढायची आणि पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग बाजूचा पत्रा काढायचा. अनेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी आवरणाखाली असतो आणि त्याचं लेबल नेमकं आतल्या बाजूला दडलेलं असतं. अशा वेळी मागचे चार स्क्रू काढून पेटी थोडी बाहेर ओढावी लागते. पेटीचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथे टिकून राहू शकतात.

लेबलावर एक तक्ता असतो. त्यात बाराच्या आधी अधिकचं चिन्ह असलेला 12 व्होल्टचा रकाना शोधायचा आणि त्याखालचा अँपिअरचा आकडा वाचायचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, एवढं शाळेतलं गणित पुरतं. आपल्या उदाहरणातल्या 450 वॉटच्या पेटीवर तिथे 16 अँपिअर लिहिलेलं असेल, तर 12 गुणिले 16 म्हणजे अवघे 192 वॉट हातात येतात. नवं कार्ड एकटंच 25 अँपिअर मागतंय. नाव साडेचारशे आणि काम दोनशेच्याही आत. याउलट बऱ्या कंपनीच्या 550 वॉटच्या पेटीवर 12 व्होल्टखाली 45 अँपिअर, म्हणजे 540 वॉट असे आकडे दिसतात. छापील वॉट जवळजवळ सगळेच्या सगळे 12 व्होल्टवर मिळत असतील, तर पेटी आजच्या आराखड्याची आहे असं समजायला हरकत नाही. एकाच लेबलावर 12 व्होल्टचे दोन रकाने असतील, तर त्यांची बेरीज करून चालत नाही. दोन्ही मिळून कमाल किती, हे खाली वेगळं छापलेलं असतं, तो आकडा धरायचा. आणि लेबलावर असा तक्ताच नसेल? मग त्या पेटीला नवं कार्ड लावायचा विचार सोडून द्यावा.

वॉट जुळले, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं वायरींचं आहे, आणि नुकसान होतं ते बहुतेक इथेच.

गेली अनेक वर्षं कार्डाला वीज पोचवण्यासाठी दोन प्रकारचे प्लग वापरात आहेत. सहा पिनांचा प्लग 75 वॉटसाठी आणि आठ पिनांचा 150 वॉटसाठी. आठ पिनांच्या प्लगात 12 व्होल्टच्या तारा तीनच असतात, बाकीच्या परतीच्या. 150 वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर, तिघींत वाटले की प्रत्येकीला चारच्या आसपास येतात. अशा एका पिनेला साधारण आठ अँपिअर झेपतात. म्हणजे मानकातच दुपटीची मोकळीक आहे. हा प्लग थोडा सैल बसला, एखादी पिन नीट टेकली नाही, तरी तो निभावून नेतो. इतकी वर्षं त्याच्याबद्दल फारशी ओरड झाली नाही, त्याचं कारण हे.

पण ही मोकळीक लोक आपल्या हाताने संपवतात. एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच केबलला टोकाशी दोन प्लग असतात: एक शेवटचा आणि त्याच्या थोडं अलीकडे फुटलेला दुसरा. कार्डाला दोन प्लग हवेत, केबलला दोन प्लग आहेत, जोडणी दिसायलाही सुटसुटीत. मग ही एकच केबल लावून टाकली जाते. 300 वॉटच्या कार्डाला असं केलं की सगळे 25 अँपिअर त्या एकाच केबलीतल्या तीन तारांतून येतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आठाहून अधिक. केबल लगेच जळेल असं नाही. कार्डाची भूक दोनशेच्या आसपास असेल तर चालूनही जातं. पण तीनशेच्या कार्डाला एसएमपीएसकडून दोन वेगवेगळ्या केबली आणाव्यात, आणि पेटीला तेवढ्या केबली नसतील तर ती पेटी या कार्डासाठी बनलेलीच नाही, असं मानावं. पेटी किती वॉटची म्हणून विकली गेली त्यापेक्षा तिला आठ पिनांच्या किती स्वतंत्र केबली आहेत, यावरून तिच्या कारखानदाराचा तिच्यावर किती भरवसा होता ते कळतं.

केबल कमी पडली की बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या जोडवायरींचा मोह होतो. हार्डडिस्कला जाणाऱ्या साटा प्लगातून वीज घेऊन ती आठ पिनांच्या प्लगाला देणारी जोडवायर ही यातली सगळ्यात वाईट. साटाच्या प्लगात 12 व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. तिन्ही मिळून 54 वॉट होतात. आणि पुढच्या टोकाला 150 वॉटचा प्लग! कार्डाला बिचाऱ्याला कळायला मार्ग नाही, की मागे काय जोडलंय. ते मागेल तेवढं ओढतं आणि साटाच्या प्लगाचं प्लास्टिक वितळतं. अशी जोडवायर कार्डाच्या खोक्यातून आली तरी वापरू नये.

आठ पिनांचे प्लग एसएमपीएसवर दोन जातींचे असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. प्रोसेसरला जाणारा प्लग चार अधिक चार असा फुटतो, कार्डाला जाणारा सहा अधिक दोन असा. दोघांच्या पिनांची भोकं वेगळ्या आकाराची असतात, म्हणून सहजी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पण कोणी अंगठ्याने रेटून बसवलाच, तर घात ठरलेला: कार्डाच्या प्लगात ज्या बाजूला 12 व्होल्ट असतात, त्या बाजूला प्रोसेसरच्या प्लगात परतीच्या तारा असतात. प्लग बसायला जोर लागत असेल, तर तो बहुधा चुकीचाच प्लग आहे.

ज्या एसएमपीएसच्या केबली पेटीपासून सुट्या करता येतात, त्यांच्याबाबत आणखी एक फसगत होते. कार्डाकडचं टोक मानकाने बांधलेलं आहे, पण पेटीकडच्या टोकाला कोणतंही मानक नाही. कुठल्या भोकात 12 व्होल्ट आणि कुठल्या भोकात परतीची तार, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो. प्लग बसतो, खट्ट असा आवाजही येतो आणि पुढच्याच क्षणी 5 व्होल्टच्या एसएसडीला 12 व्होल्ट मिळतात. एसएसडी गेली की तिच्यातलं काम गेलं. एसएमपीएस बदलायचा तर त्याच्या सगळ्या केबली बदलायच्या. जुन्या केबली "आधीच नीट बांधलेल्या आहेत" म्हणून जागेवर ठेवणं महागात पडतं.

आता कोल्हापूरच्या त्या मुलीच्या नव्या कार्डाकडे वळू. त्यावर आठ पिनांचं सॉकेट नाहीच. त्याजागी सोळा पिनांचं एक इवलंसं सॉकेट आहे आणि खोक्यात एक जोडवायर दिलेली आहे. तिच्या एका टोकाला सोळा पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला आठ पिनांची दोन किंवा तीन सॉकेट. जितकी सॉकेट असतील तितक्या स्वतंत्र केबली जोडायच्या, एकही रिकामं ठेवायचं नाही. एसएमपीएस नवा आणि सोळा पिनांची केबल सोबत देणारा असेल, तर ही जोडवायर खोक्यातच राहू द्यावी आणि सरळ केबल लावावी. सांधे जितके कमी, तितकं बरं.

या सोळा पिनांच्या प्लगाचा इतिहास थोडा वादळी आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स 4090 हे 450 वॉटचं कार्ड बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांचे फोटो जगभर फिरू लागले. आधी संशय गेला तो सोबतच्या जोडवायरीच्या डाखकामावर. मग ‘गेमर्स नेक्सस’ या अमेरिकन चाचणी गटाने प्लग मुद्दाम अर्धवट आणि तिरका बसवून तसंच वितळणं घडवून दाखवलं. त्या नोव्हेंबरात एनव्हिडियाने जाहीर केलं, की जगभरातून सुमारे 50 तक्रारी आल्या असून त्यांतलं समान कारण म्हणजे प्लग पूर्ण बसलेला नसणं. वापरणाऱ्यांवर खापर फोडल्यासारखं हे झालं, आणि तशी टीकाही झाली. खरी गोष्ट दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, ती आकड्यांतून दिसते.

हा प्लग 600 वॉटपर्यंतचा. म्हणजे 50 अँपिअर. त्यात 12 व्होल्टच्या पिना सहा. प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाआठहून थोडे जास्त, आणि एका पिनेची मर्यादा जेमतेम साडेनऊच्या घरात. आठ पिनांच्या जुन्या प्लगात दुपटीची मोकळीक होती. इथे ती दहा-पंधरा टक्क्यांवर आली. सहापैकी दोन पिना नीट टेकल्या नाहीत, तर त्यांचा वाटा उरलेल्या चौघींवर पडतो आणि त्या मर्यादेबाहेर जातात. प्रवाह दुप्पट झाला की सांध्यावरची उष्णता चौपट होते. मग प्लास्टिक मऊ पडतं, पकड आणखी सैल होते आणि उष्णता पुन्हा वाढते.

मानक ठरवणाऱ्यांनी पुढे प्लग सुधारला. एकूण सोळांपैकी चार पिना बारीक असतात. त्या वीज नेत नाहीत, पलीकडचा एसएमपीएस किती वॉट देऊ शकतो याची खूण कार्डाला देतात. सुधारित सॉकेटमध्ये या चार पिना आखूड केल्या आणि वीज नेणाऱ्या किंचित लांब. त्यामुळे प्लग अर्धवट असला तर खूण पोचतच नाही आणि कार्ड वीज मागत नाही. 5070 टीआयसारख्या नव्या कार्डांवर हे सुधारित सॉकेट असतं. तरी प्रश्न संपला म्हणता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये 575 वॉटचं आरटीएक्स 5090 आलं आणि पुढच्याच महिन्यात रोमन हार्टुंग या जर्मन तंत्रज्ञाने त्याच्या सहा तारांतला प्रवाह वेगवेगळा मोजला. तारा समान भार घेत नव्हत्या. एका तारेतून 20 अँपिअरपेक्षा जास्त वाहत होते आणि एसएमपीएसकडच्या टोकाचं तापमान 150 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं होतं. कार्डावर गेल्यावर सहाही तारा एकत्र मिळतात, त्यामुळे कोणती तार जास्त ओढते आहे हे कार्डाला कळत नाही आणि ते थांबतही नाही.

तीनशे वॉटच्या कार्डाला इतकं घाबरायचं कारण नाही. 25 अँपिअर सहा तारांत वाटले की प्रत्येकीला चारच्या वर थोडे येतात, म्हणजे जुन्या प्लगाइतकीच मोकळीक मिळते. 450 आणि 575 वॉटच्या कार्डांना मात्र प्लग कसा बसवला याला फार किंमत आहे. बसवण्याची रीत अशी: शक्य असेल तर कार्ड खाचेत घालण्याआधी, टेबलावरच प्लग लावून बघावा, म्हणजे पूर्ण बसल्यावर तो कसा दिसतो ते समजतं. सरळ रेषेत, दोन्ही कडांवर सारखा दाब देत आत ढकलायचा. वरची कुंडी अडकल्याचं दिसलं पाहिजे. आवाज दर वेळी येतोच असं नाही, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने पाहायचं. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. मग हलकेच मागे ओढून बघायचं. प्लगापासून निदान साडेतीन सेंटीमीटरपर्यंत केबल वाकवू नये. इथे कॅबिनेटची रुंदी आड येते. काचेचा पत्रा लावताना तो केबलीला दाबत असेल, तर प्लग दिवसरात्र तिरका ओढला जाणार. अशा वेळी कॅबिनेट बदलावं किंवा पत्रा काही दिवस काढून ठेवावा.

जोडणी झाली, संगणक चालू केला. कार्डाची वायर लावायचीच राहिली असेल, तर एनव्हिडियाची अनेक कार्डं पडद्यावर स्वच्छ सांगतात: Please power down and connect the PCIe power cable(s) for this graphics card. हा झाला सरळ दोष. अवघड असतो तो दोष, जो जोर लावल्यावरच प्रकट होतो. डेस्कटॉप व्यवस्थित, यूट्यूब व्यवस्थित, आणि रेंडर लावला की दोन मिनिटांत संगणक पंख्यासकट गप्प. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की संगणक नीट बंद न होता वीज गेली. दोषी कोण ते ती सांगत नाही. पण नवं कार्ड लावल्यावरच, आणि भार आल्यावरच असं होत असेल, तर संशयाची सुई आधी एसएमपीएसकडे वळवावी. पडदा काळा होऊन संगणक चालूच राहत असेल, तर आधी प्लग आणि मग ड्रायव्हर तपासावा.

कार्ड खरोखर किती वीज घेतंय हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढं टाइप केलं तरी पुरतं:

```
nvidia-smi -q -d POWER
```

यात त्या क्षणाला ओढली जाणारी वीज आणि कार्डाला घातलेली मर्यादा, दोन्ही वॉटमध्ये दिसतात. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 12 व्होल्टचा आकडाही कळतो. पूर्ण भाराखाली तो 11.4 ते 12.6 च्या दरम्यान राहिला पाहिजे. भार येताच तो खाली खाली जात असेल, तर एसएमपीएस दमतोय किंवा एखादा सांधा सैल आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास रेंडर किंवा गेम चालवावा, संगणक बंद करून मागचं बटण बंद करावं आणि प्लगाला बोट लावून पाहावं. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल किंवा जळकट वास येत असेल, तर तो संगणक तसा चालू करायचा नाही.

आपल्याकडे आणखी एक पेटी मध्ये असते, तिचा विचार परदेशी मार्गदर्शकांत सहसा येत नाही. ती म्हणजे यूपीएस. घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॉटचाच असतो. आपल्या उदाहरणात आतल्या भागांना 467 वॉट लागले, तर एसएमपीएसमधली घट धरून भिंतीतून सव्वापाचशेच्या आसपास आणि मॉनिटर धरून साडेपाचशेला पोचतील इतके वॉट ओढले जातील. लाइट गेली की हा यूपीएस काम सेव्ह करायलाही वेळ देणार नाही. तो ओरडेल आणि बसेल. असा संगणक बंद पडला की दोष नव्या कार्डाला दिला जातो. 1100 व्हीएचा, सुमारे 660 वॉटचा यूपीएस इथे काठावर पुरतो. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही असं समजावं आणि कार्ड लावण्याआधी वायरमनला बोलवावं.

मग त्या मुलीने करावं काय? जुना 450चा एसएमपीएस बाजूला ठेवावा, यात दुमत नाही. बऱ्या कंपनीचा 650 वॉटचा, दोन स्वतंत्र केबली असलेला एसएमपीएस घरात आधीच असता, तर तिच्या बेताच्या प्रोसेसरबरोबर तो चालवून बघायला हरकत नव्हती. नवाच घ्यायचा तर एटीएक्स 3.1चा, सोळा पिनांची केबल सोबत असलेला 750 वॉटचा घ्यावा. आणि खिशात दोन्हींपुरते पैसे नसतील, तर एसएमपीएसमध्ये काटकसर न करता कार्ड एक पायरी खालचं निवडावं: आरटीएक्स 5060 टीआय 180 वॉटमध्ये भागवतं, त्याच्या बहुतेक नमुन्यांना आठ पिनांची एकच केबल पुरते आणि कंपनी त्यासाठी 600 वॉटचा एसएमपीएस सुचवते.